दुपारनंतरचा शेवटचा चहा किती वाजता? कॅफीनच्या हिशेबावरून आपली वेळ ठरवण्याची पद्धत

आमच्या मेडिकलवर झोपेची गोळी मागायला येणाऱ्यांना मी चिठ्ठी विचारतो आणि त्यासोबत दुसरा प्रश्न विचारतो: दिवसातला शेवटचा चहा किती वाजता होतो? उत्तर ठरलेलं असतं. "जेवणाआधी, आठ-साडेआठला." त्याला लगेच पुस्ती जोडली जाते, "पण दादा, चहानं मला काही होत नाही. पिऊन लगेच झोपतो मी."

चहा बंद करायला सांगणारे पुष्कळ भेटतात. तो सल्ला मराठवाड्यात टिकत नाही, कारण इथं चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. शिवाय बहुतेकांना तो बंद करायची गरजही नसते. गरज असते ती दुपारी एक वेळ ठरवून त्यानंतर कॅफीन थांबवायची. ही वेळ अंदाजानं ठरवली की चुकते. पाच तासांत चहा 'उतरतो' असं धरलं जातं, कप मोजले जातात पण पावडर मोजली जात नाही, आणि एका दिवसात सगळं तोडल्यानं तिसऱ्या दिवशी डोकं धरून माणूस पुन्हा टपरीवर येतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा.

## टप्पा १ : तयारी. आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा

पहिले सात दिवस चहा नेहमीसारखाच प्या. मोबाइलमध्ये किंवा कॅलेंडरच्या कोऱ्या जागेत रोज चार गोष्टी लिहा:

- प्रत्येक चहा-कॉफीची वेळ, आणि तो पूर्ण कप होता की टपरीवरचा कट
- रात्री दिवा बंद करून झोपायला पडल्याची वेळ
- रात्री किती वेळा जाग आली आणि पुन्हा झोप लागायला वेळ लागला का
- सकाळी उठल्यावर अंग हलकं होतं की जड

झोपेची वेळ म्हणजे अंथरुणावर पडून मोबाइल पाहायला सुरुवात केली ती वेळ नव्हे. डोळे मिटायच्या इराद्यानं पडलात ती वेळ धरा. पुढचा सगळा हिशेब तिथून मागे मोजायचा आहे, म्हणून ती तासभर चुकली तर सगळंच तासभर चुकतं.

इशारा : लग्नसराईचा आठवडा, घरात कोणी आजारी असण्याचे दिवस, किंवा मे महिन्यात वीज जाऊन रात्रभर पंखा बंद राहतो ते दिवस यासाठी निवडू नका. त्या दिवसांतली जाग उकाड्याची की चहाची, हे तुम्हाला कळणार नाही.

दुपारी झोपायची सवय असेल तर ती आत्ता मोडू नका, पण रोज तेवढीच ठेवा. आज दहा मिनिटं आणि उद्या दोन तास असं झालं की रात्रीच्या झोपेवर त्याचाच परिणाम दिसतो आणि चहाचा हिशेब बिघडतो.

## टप्पा २ : कप नको, पावडर मोजा

'दिवसाला चार कप' या वाक्याला काही अर्थ नाही. एका घरचा कप दीडशे मिलिलिटरचा असतो, दुसऱ्या घरी बशीत ओतून प्यायचा पेला असतो, आणि टपरीवरचा कट दोन-चार घोटांत संपतो. कॅफीन येतं पावडरीतून. दूध जास्त घातलं, पाणी कमी घातलं, साखरेऐवजी गूळ घातला, आलं-वेलची ठेचून टाकली, तरी पावडर तेवढीच असेल तर कॅफीनही जवळपास तेवढंच राहतं. 'दुधाचा चहा हलका असतो' हा समज सोडून द्या. आपली बारीक दाणेदार पावडर आणि आपली उकळण्याची पद्धत, दोन्ही मिळून पानातलं बहुतेक कॅफीन पातेल्यात उतरवतात.

घरच्या कपात किती पावडर पडते हे वजनकाट्याशिवाय असं काढता येतं. पावशेराचं नवं पाकीट फोडलं त्या दिवसाची तारीख त्यावर लिहा. ते संपेपर्यंत रोज किती कप झाले ते मोजा. समजा चार माणसांच्या घरात रोज बारा कप होतात आणि पाकीट दहा दिवसांत संपतं. म्हणजे १२० कपांना २५० ग्रॅम, एका कपाला दोन ग्रॅमच्या किंचित वर. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी घरचाच चमचा नेऊन किराणा दुकानाच्या काट्यावर दहा चमचे पावडर तोलून घ्यावी आणि दहानं भागावं.

हिशेबासाठी एक ग्रॅम पावडरीला २५ मिलिग्रॅम कॅफीन धरा. पावडरीच्या जातीनुसार हा आकडा थोडा खालीवर होतो, पण आपल्या कामाला तो पुरतो. म्हणजे वरच्या घरातला कप साधारण ५० मिलिग्रॅमचा झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शिकेत चहाच्या एका सर्व्हिंगला ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीच्या १५० मिलिलिटर कपाला ५० ते ६५ आणि फिल्टर करून काढलेल्या कॉफीला ८० ते १२० मिलिग्रॅम असे आकडे आहेत. तुमचा आकडा याच्या फार बाहेर आला तर मोजण्यात चूक आहे, पुन्हा मोजा. टपरीवरच्या कटाला मी ३० धरतो. तो लहान असतो, पण पातेलं सारखं उकळत असल्यानं कडक असतो.

पडताळणी : यादीत चहा-कॉफी सोडून आणखी काही राहिलं आहे का ते बघा. कोला पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम कॅफीन असतं. एनर्जी ड्रिंकमध्ये नियमानुसार लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५. डब्यावर आकडा छापलेला असतो, तो वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. रात्री डोकं दुखलं म्हणून ती गोळी घेणारे आणि मग झोप येत नाही म्हणणारे, दोन्ही एकच माणूस असतो हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. पाकिटावरच्या घटकांत कॅफीन दिसलं तर दुपारनंतर तसली गोळी टाळा आणि दुसरी कोणती चालेल ते विचारून घ्या.

## टप्पा ३ : अर्धायुष्य समजून घ्या

पोटात गेलेलं कॅफीन साधारण पाऊण तासात रक्तात पूर्ण चढतं. मग यकृत ते मोडायला लागतं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. औषधांच्या माहितीपत्रकात हाफ-लाइफ लिहिलेलं असतं ते हेच. निरोगी प्रौढ माणसात ते सरासरी पाच तास धरतात.

सगळ्यात मोठी चूक इथं होते. पाच तासांत निम्मं संपतं, म्हणजे दहा तासांत सगळं संपेल असं लोक धरतात. तसं होत नाही. ही उधारी अशी आहे की दर पाच तासांनी *उरलेल्या* बाकीच्या निम्मी फिटते. संध्याकाळी पाचला ५० मिलिग्रॅमचा कप घेतला तर रात्री दहाला २५ उरतं, पहाटे तीनला साडेबारा, आणि सकाळी आठला नवा कप हातात घेता तेव्हाही सहाच्या आसपास शिल्लक असतं.

हिशेबाला एवढं कोष्टक पुरे. अर्धायुष्य पाच तासांचं असेल तर:

- अडीच तासांनी ७० टक्के उरतं
- पाच तासांनी ५० टक्के
- साडेसात तासांनी ३५ टक्के
- दहा तासांनी २५ टक्के
- पंधरा तासांनी १२ टक्के

आता 'चहा पिऊनही मला झोप लागते' याबद्दल. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि तो जिथं जाऊन चिकटतो तिथून पेंग यायला लागते. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन साचलेलं असतंच, फक्त त्याचा निरोप पोचत नाही. दिवसभर मोंढ्यात उन्हात राबलेल्या माणसाचा थकवा एवढा असतो की या अडथळ्यावर मात करून तो झोपी जातो. पण झोप लागणं आणि झोप खोल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅफीन गाढ झोपेचा वाटा कमी करतं. अडीच-तीनला उगाच जाग येते, कूस बदलत राहावं लागतं, आणि सकाळी सात तास झोपूनही अंग जड राहतं. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिल्यावरही यंत्राच्या नोंदीत तासाभराहून जास्त झोप कमी भरली. ४०० हा आकडा मोठा आहे, आपल्या सात-आठ कप चहाएवढा आणि एकदम घेतलेला. तरी सहा तास आधीचं कॅफीन झोपेत पोचतं हे त्यातून दिसतं.

## टप्पा ४ : एक हिशेब पूर्ण करून बघू

परभणीच्या मोंढ्यात आडतीवर बसणारे एक मुनीम धरू. वय पन्नाशीच्या आत, तब्येत ठीक, विडी-सिगारेट नाही, रात्री साडेदहाला झोपतात. दिवसभराचा चहा असा:

- सकाळी ६:३०, घरचा कप, ५० मिलिग्रॅम. झोपताना उरतं सुमारे ५
- सकाळी ११:००, आडतीवर कट, ३०. उरतं ६
- दुपारी ४:००, कट, ३०. उरतं १२
- संध्याकाळी ६:३०, हिशेब मिटवताना कट, ३०. उरतं १७
- रात्री ८:००, घरी आल्यावर कप, ५०. उरतं ३५

दिवसाची बेरीज १९० मिलिग्रॅम. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० आहे, म्हणजे मुनीम मर्यादेच्या कितीतरी आत आहेत. पण साडेदहाला डोळे मिटताना त्यांच्या अंगात ७५ मिलिग्रॅम आहे. दीड कप चहा नुकताच पिऊन अंथरुणावर पडावं, अशी ही स्थिती.

त्या ७५ पैकी ५२ शेवटच्या दोन चहांतून आलं आहे. सकाळचे दोन्ही मिळून फक्त ११. म्हणून सकाळचा चहा कमी करून संध्याकाळचा तसाच ठेवणाऱ्यांना काहीच फरक जाणवत नाही, आणि मग ते सांगत फिरतात की चहा सोडून बघितला, उपयोग झाला नाही.

आता साडेसहाचा कट बंद करू, आणि रात्री आठचा कप उचलून सकाळी नऊला, दुकानाला निघण्याआधी ठेवू. नऊचा कप साडेदहापर्यंत ८ उरतो. नवी बेरीज ५, ८, ६ आणि १२, म्हणजे ३१. एकच कट सोडला आणि एक कप जागेवरून हलवला, तर झोपतानाचं कॅफीन निम्म्याहून खाली आलं.

तुमच्या टप्पा १ च्या नोंदींवर असाच हिशेब करा. बेरीज नेमकी एक-दोन मिलिग्रॅमपर्यंत जुळवत बसू नका. कोणता चहा सर्वांत जास्त उरतो एवढं कळलं तरी काम झालं.

## टप्पा ५ : तुमचं यकृत जलद की संथ, ते तपासा

पाच तास ही सरासरी आहे. निरोगी माणसांतही अर्धायुष्य दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत आढळतं. कॅफीन मोडणारं एन्झाइम प्रत्येकाचं सारख्या जोरानं चालत नाही. शेजाऱ्याला रात्री नऊची कॉफी चालते म्हणून तुम्हालाही चालेल असं धरण्यात अर्थ नाही.

काही बाबतींत आधीच ओळखता येतं:

गर्भनिरोधक गोळ्या. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर अर्धायुष्य जवळपास दुप्पट होतं. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन ही याच प्रकारातली. वरच्याच मुनिमांच्या घरातल्या बाईंचं उदाहरण घ्या. साडेसहाला ५०, अकराला ३० आणि चारला ३० मिलिग्रॅम असे तीनच चहा, झोप साडेदहाला. पाच तासांच्या हिशेबानं २३ उरलं असतं, दहा तासांच्या हिशेबानं ४९ उरतं. चारचा चहा काढला तरच ते तिशीवर येतं. म्हणजे यजमानांना चार वाजताचा चहा पचतो आणि बाईंना तो दुपारी बारानंतर बंद करावा लागतो. घरात एकच वेळ सगळ्यांना लावू नका. आणि झोपेसाठी म्हणून गोळी बंद करायची नाही, हेही सांगून ठेवतो. चहाच हलवायचा.

गरोदरपण. दिवस भरत येतात तसं अर्धायुष्य पंधरा तासांपर्यंत जातं. इथं प्रश्न झोपेपुरता राहत नाही, कारण कॅफीन बाळापर्यंत पोचतं. दिवसभराची एकूण मात्रा किती ठेवायची ते तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारा, आणि जो थोडा चहा घ्यायचा तो सकाळीच संपवा.

काही औषधं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आपल्याकडे जुलाबाला, लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास लिहून दिलं जातं. ते कॅफीन मोडण्याचं काम मंदावतं. कोर्स चालू असताना छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं झालं तर लोक औषध 'गरम पडलं' म्हणतात. तेवढे दिवस चहा निम्म्यावर आणा. मनाच्या आजारासाठी दिलं जाणारं फ्लूव्होक्सामाइन तर याहून कितीतरी जास्त संथ करतं. यकृताचा जुना आजार असेल तरीही हेच होतं.

विडी-सिगारेट. धूर ओढणाऱ्यांत कॅफीन लवकर मोडतं, साधारण तीन तासांत निम्मं. ही जमेची बाजू समजू नका, कारण निकोटिन स्वतःच झोप बिघडवतं. लक्षात ठेवायचं ते वेगळंच. विडी सोडली की काही दिवसांत हा वेग उतरतो, आणि तेवढाच चहा अंगात दुप्पट वेळ राहायला लागतो. विडी सोडल्यावर येणारी चिडचिड आणि निद्रानाश याचा काही भाग या वाढलेल्या कॅफीनचा असतो. म्हणून विडी सोडताना चहाही निम्म्यावर आणा. तंबाखू मळून खाणाऱ्यांना हा वेग मिळत नाही. एन्झाइम वाढतं ते धुरातल्या घटकांमुळे, निकोटिनमुळे नाही.

पडताळणी : यातलं काहीच लागू नाही, तरी दुपारी तीनचा एक कप घेतला की रात्री झोप उडते असं नोंदींत दिसतं? मग स्वतःला संथ गटात धरा. तुमची वही कोणत्याही सरासरीपेक्षा खरी आहे.

## टप्पा ६ : वेळ ठरवा

झोपायच्या वेळेपासून मागे मोजा. मी काउंटरवर सांगतो ते असं:

- साधा चहा, अर्धायुष्य नेहमीचं: झोपेच्या सहा तास आधी शेवटचा
- कडक मोठा कप, फिल्टर कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक: नऊ तास आधी
- संथ गट: साध्या चहालाही दहा-अकरा तास आधी
- एका दमात दोन-तीन कप किंवा मोठा कॉफीचा मग पिणारे: बारा तास आधी, म्हणजे सकाळीच

साडेदहाला झोपणाऱ्याला हे अनुक्रमे दुपारी साडेचार, दीड, बारा आणि सकाळी साडेदहा असं येतं. झोपताना तीस मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली राहावं, हा यामागचा माझा अंदाज आहे. सगळ्यांना लागू पडेल अशी ठरलेली रेषा नाही. संशोधनातही मात्रेप्रमाणे उत्तर बदलतं. २०२३ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात १०७ मिलिग्रॅमच्या कॉफीसाठी पावणेनऊ तासांचं अंतर आलं. त्यानंतर तरुण पुरुषांवर झालेल्या एका चाचणीत १०० मिलिग्रॅम चार तास आधी घेऊनही फारसा फरक दिसला नाही, पण ४०० मिलिग्रॅमनं बारा तास आधीही झोप बिघडवली. म्हणून वेळ ठरवताना मात्रा विसरू नका. साडेचारची वेळ पाळून साडेचारला दोन कप रिचवले तर ठरवलेल्या वेळेचा उपयोग राहत नाही.

रात्रपाळी आणि रात्रीचं पाणी. शेतीची वीज रात्रीची असेल तेव्हा घड्याळातली दुपार विसरा आणि पहाटे परत येऊन किती वाजता झोपणार तिथून मागे मोजा. मोटार रात्री दहाला सुरू करून सकाळी साडेसहाला झोपणार असाल तर चहा निघताना घ्या, फार तर साडेबारापर्यंत. पहाटे चारला थर्मासमधला चहा घेऊन उरलेली पाळी काढणाऱ्यांची दिवसाची झोप मोडते आणि तिसऱ्या रात्री विहिरीच्या काठावर डुलकी यायला लागते. तो थर्मास सुरुवातीलाच संपवा.

## टप्पा ७ : एकदम तोडू नका, मागे सरकवा

रोज संध्याकाळी चहा घेणाऱ्यानं तो अचानक बंद केला तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं. दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं, आणि जडपणा, चिडचिड, मळमळ आठवडाभरही राहू शकते. बहुतेकांचा प्रयोग इथंच फसतो. क्रम असा ठेवा:

1. पहिले तीन दिवस शेवटच्या चहाची वेळ तशीच ठेवा, फक्त त्यातली पावडर निम्मी करा.
2. पुढचे तीन दिवस तो अर्धा चहा तासभर अलीकडे घ्या. असंच दर तीन दिवसांनी एकेक तास मागे या.
3. ठरवलेल्या वेळेपर्यंत आलात की तिथंच थांबा. सकाळच्या चहाला हात लावू नका.

रात्री आठवरून साडेचारवर यायला यात साधारण पंधरवडा जातो. घाई झालेल्यांनी दिवसाची एकूण मात्रा तीच ठेवून संध्याकाळचा कप सकाळी न्यावा, मुनिमांच्या हिशेबात केलं तसं. त्यानं डोकेदुखी कमी होते.

संध्याकाळी हातात काहीतरी गरम लागतंच. गवती चहाची पात आणि आलं पाण्यात उकळून, वर दूध घालून प्या. त्यात पावडर पडली नाही तर कॅफीन शून्य. सुंठ घातलेलं दूध किंवा ताकही चालतं. मधुमेह असेल तर या उकाळ्यात गूळ घालू नका.

इशारा : ग्रीन टी आणि कोरा चहा हे पर्याय नाहीत. दोन्ही त्याच झाडाची पानं आहेत आणि दोन्हींत कॅफीन आहे. कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडं उरतं, पण ते कपाला फार तर पंधरा मिलिग्रॅमपर्यंत, तेवढं चालून जातं.

पाहुण्याकडे गेल्यावर काय करायचं हा खरा अडसर आहे. 'चहा नको' म्हटलं की काकू स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारतात, "आमच्या घरचा चालत नाही का?" तेव्हा नाही म्हणण्याऐवजी मागून घ्या: "काकू, मला बिनपावडरीचा, आल्याचं दूध द्या अर्धा कप." काही मागितलं की घरच्यांचा मान राहतो. ऐनवेळी चहा हातात आलाच तर बशीत ओतून दोन घोट घ्या आणि पेला बाजूला ठेवा. १० मिलिग्रॅमनं रात्र बिघडत नाही. बिघडते ती पाच घरी पाच पूर्ण कप घेतल्यानं.

## टप्पा ८ : दोन आठवड्यांनी तपासा

नवी वेळ स्थिर झाल्यावर चौदा दिवस पुन्हा त्याच चार नोंदी ठेवा आणि पहिल्या आठवड्याच्या नोंदींशेजारी ठेवून वाचा. दोन-तीन रात्रींवरून निकाल देऊ नका, कारण सुरुवातीच्या रात्री अंग अजून जुळवून घेत असतं.

फरक बहुधा झोप लागण्यात आधी दिसत नाही. तो मध्यरात्रीच्या जागेत दिसतो: तीनदा येणारी जाग एकदाच येते, किंवा येऊनही लगेच डोळा लागतो. त्यानंतर सकाळचा जडपणा कमी होतो, आणि मग दुपारी चारची तलफ आपोआप सौम्य होते, कारण ती बरीचशी अपुऱ्या झोपेची असते.

फरक अर्धवट वाटला तर वेळ आणखी दीड-दोन तास मागे घ्या आणि पुन्हा दहा दिवस बघा. काहीच फरक नाही, तर आधी यादी तपासा: मुलांसोबतचा कोला, डोकेदुखीची गोळी, घरात बदललेली पावडर, बदललेला चमचा. तेही नसेल तर दोष चहाचा नाही, आणि चहा मागे सरकवत बसण्यात वेळ घालवू नका. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठणं, रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला जावं लागणं, छातीत जळजळ, किंवा पहाटे चारला जाग येऊन मन उदास राहणं, यातलं काहीही महिनाभर टिकलं तर डॉक्टरांना दाखवा आणि सोबत ही वही न्या. त्यांचे पहिले पाच प्रश्न वहीतच सुटलेले असतात.

झोपेची गोळी आधीपासून चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. पण संध्याकाळचा चहा आणि रात्रीची गोळी एकमेकांच्या विरोधात काम करतात, म्हणून चहाची वेळ बदलल्यावर गोळीची मात्रा पुन्हा तपासायची गरज आहे का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

औषध बदललं, गरोदरपण आलं, विडी सुटली किंवा शेताच्या विजेची पाळी फिरली, तर टप्पा ५ पासून हिशेब पुन्हा करा.